शब्दचर्चा : ‘कलर ग्रेडिंग’, ‘फिल्टर’ आणि ‘प्रीसेट’ यांना मराठीत काय म्हणावे?

सुरूचे_बन
आमच्या हौशी छायाचित्रकारांच्या गटासाठी मी मराठीत एक टिपण लिहीत आहे. सुट्टीतील छायाचित्रांचा संच एकाच भावछटेचा कसा करावा, हा त्याचा विषय आहे. ‘कलर करेक्शन’, ‘कलर ग्रेडिंग’, ‘फिल्टर’ आणि ‘प्रीसेट’ या चार शब्दांपाशी माझे लेखन अडले आहे, कारण गटातील बहुतेक जण हे चारही शब्द एकाच अर्थाने वापरतात.

उदाहरण म्हणून मी गुहागरच्या सहलीची छायाचित्रे घेतली आहेत. सकाळी किनाऱ्यावर काढलेली काही, दुपारी जांभ्याच्या घराच्या अंगणात आणि नारळी-पोफळीच्या वाडीत काढलेली काही, आणि रात्री माजघरात पंगत बसली असताना काढलेली काही. यांतील निम्मी कॅमेऱ्यावर रॉ स्वरूपात आहेत, तर उरलेली फोनवरची जेपेग आहेत. विकत घेतलेले एक ‘उबदार’ प्रीसेट मी लाइटरूममध्ये सगळ्यांना एकदम लावले, तेव्हा सकाळची छायाचित्रे गारच राहिली, दुपारची पिवळी पडली आणि रात्रीची तर हळद ओतल्यासारखी झाली. एकच प्रीसेट लावूनही असे का व्हावे, हे शब्दांच्या व्याख्येतूनच स्पष्ट व्हावे, अशी माझी इच्छा आहे.

व्युत्पत्तिप्रेमी
‘ग्रेडिंग’ला आपल्याकडे ‘प्रतवारी’ हा शब्द रूढ आहे, तेव्हा ‘रंगप्रतवारी’ म्हणावे. ‘फिल्टर’ म्हणजे गाळणी, म्हणून ‘रंगगाळणी’. प्रीसेट म्हणजे नाव देऊन जपून ठेवलेला फिल्टरच असल्यामुळे त्याला ‘साचा’ म्हणता येईल. करेक्शन आणि ग्रेडिंग यांत मला तरी तत्त्वतः भेद दिसत नाही, कारण दोन्हींमध्ये रंगच बदलले जातात. त्यामुळे आधी काय आणि नंतर काय, यानेही फरक पडू नये.

प्रिंटरलाइट
मी अनेक वर्षे चित्रपटाच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

‘प्रतवारी’ या शब्दाने आंबे किंवा कापूस डोळ्यांपुढे येतो, म्हणजे बरा माल एकीकडे आणि वाईट दुसरीकडे. फिल्मच्या ग्रेडिंगमध्ये असे काही नव्हते. प्रिंट काढण्याच्या यंत्रात लाल, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाश असत आणि प्रत्येकाला १ ते ५० असे टप्पे असत. ग्रेडर प्रत्येक शॉटसाठी तीन आकडे ठरवी. एकाच प्रसंगातील काही शॉट सकाळी घेतलेले, काही ढग आल्यावर, तर काही दुसऱ्याच दिवशी घेतलेले असत, आणि पडद्यावर मात्र ते सलग एकाच वेळचे वाटले पाहिजेत, हे त्याचे पहिले काम होते. अमेरिकेत यालाच ‘टायमिंग’ म्हणत. पुढे फिल्म संगणकावर घेऊन हे काम होऊ लागले, तेव्हा मुंबईत सगळेच ‘डीआय’ म्हणू लागले.

म्हणजे तुमच्या संचाला जे हवे आहे, तेच ग्रेडरचे मूळ काम होते. त्यात दोन पायऱ्या होत्या आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा होता. आधी शॉट एकमेकांशी जुळवायचे आणि मग सगळ्यांवर मिळून एक छटा चढवायची. प्रीसेट ही दुसरी पायरी करू शकते, पहिली नाही. त्यात परिणाम साठवलेला नसतो, स्लायडरचे आकडे साठवलेले असतात, आणि तोच आकडा वेगवेगळ्या आरंभावर वेगळ्या ठिकाणी नेऊन सोडतो. म्हणून ‘साचा’ हा शब्दही मला पटत नाही. साच्यातून निघालेले मोदक निदान आकाराने तरी सारखे असतात.

सुरूचे_बन
हे समजले. परंतु माझ्या प्रीसेटमध्ये नेमके काय बिघडले? त्यात टेम्परेचर ६५०० आहे, एक्सपोजर अधिक ०.४० आहे, काळे थोडे वर उचललेले आहे आणि सावल्यांत निळसर-हिरवी छटा आहे.

प्रिंटरलाइट
पहिले दोन आकडेच गोंधळाचे मूळ आहेत. गुहागरचा किनारा पश्चिमेकडे आहे, त्यामुळे सकाळी लवकर तिथे सुरूंची आणि मागच्या उंच भागाची सावली असते आणि वाळूवर फक्त आकाशाचा निळसर उजेड पडतो. अशा सावलीतला पांढरा रंग पांढरा दिसावा म्हणून टेम्परेचर साधारण ७००० ते ८००० केल्विनपर्यंत न्यावे लागते. तुम्ही ते ६५०० वर बांधले, म्हणून छायाचित्र गार राहिले. दुपारच्या उन्हाला ५२०० ते ५५०० पुरते, तिथे ६५०० म्हणजे पिवळेपणा. माजघरातला पिवळा दिवा ३००० च्या आसपास असतो, तिथे ६५०० लावल्यावर हळद ओतल्यासारखे होणारच. फोनच्या जेपेगवर हा आकडा लागूही पडत नाही, कारण तिथे स्लायडर केल्विनमध्ये नसून उणे १०० ते अधिक १०० असा असतो. रंगाचा एक निर्णय फोनने आधीच करून टाकलेला असतो आणि तुम्हाला त्यावरून पुढे सरकायचे असते.

एक्सपोजरचेही तसेच आहे. सकाळच्या अंधुक छायाचित्राला ०.४० उपकारक ठरले असेल, पण दुपारच्या अंगणात पांढऱ्या सदऱ्याच्या घड्या त्यानेच पुसल्या असतील.

उपाय असा की संचातील एक मध्यम छायाचित्र निवडावे. सूर्यास्ताचे नको आणि रात्रीचेही नको. वाडीतले, ज्यात चेहरा, हिरवे पान आणि काही पांढरे अशी तिन्ही आहेत, असे घ्यावे. ते आधी नीट करावे, मग त्यावर हवी ती छटा चढवावी आणि प्रीसेट जतन करताना व्हाइट बॅलन्स व एक्सपोजर यांच्यासमोरच्या खुणा काढून टाकाव्यात. उरलेली छायाचित्रे त्या एकाशेजारी ठेवून आधी जुळवावीत. लाइटरूम क्लासिकमध्ये शेजारी संदर्भचित्र ठेवण्याची सोय आहे. प्रीसेट त्यानंतर. छटा फार लागत नाही: उजळ भागात किंचित पिवळसर, सावल्यांत किंचित निळसर-हिरवी, आणि दोन्हींचे सॅच्युरेशन १० च्या आत. सुट्टीच्या छायाचित्रांत याहून जास्त झाले की आधी प्रीसेट दिसते आणि मग माणसे दिसतात.

व्युत्पत्तिप्रेमी
दोन पायऱ्यांचा मुद्दा मी मान्य करतो. मग पहिलीला ‘रंगदुरुस्ती’ आणि दुसरीला ‘रंगसंस्कार’ म्हणावे.

सुरूचे_बन
‘रंगसंस्कार’ मला आवडला. ‘रंगदुरुस्ती’विषयी मात्र शंका आहे, कारण दुरुस्ती म्हटले की काहीतरी चुकलेले असते. संध्याकाळी किनाऱ्यावर सगळे केशरी झालेले असते, ती चूक नव्हे. ते ‘दुरुस्त’ करून पांढरे केले, तर सूर्यास्तच नाहीसा होईल.

प्रिंटरलाइट
शंका रास्त आहे. म्हणूनच मी ‘जुळवणी’ म्हणतो. पंगतीचे छायाचित्र मी २९०० वर नेऊन पूर्ण पांढरे करणार नाही. ३४०० च्या आसपास ठेवीन, म्हणजे दिव्याचा उबदारपणा राहील आणि तरीही आजीच्या साडीचा रंग साडीचाच वाटेल. चुन्याच्या भिंतीवर हिरवट झाक दिसली, तर टेम्परेचरला हात न लावता टिंट थोडा मजेंटाकडे सरकवावा. स्वस्त एलईडी आणि ट्यूबलाइटच्या उजेडात ही झाक बऱ्याचदा असते.

गुलमर्गवारी
मीही याच अडचणीत आहे. काश्मीरच्या छायाचित्रांवर मी फोनमध्ये उबदार फिल्टर लावतो, कारण बर्फ निळे दिसते. बर्फ पांढरे होते, पण घरच्यांचे चेहरे केशरी होतात. कोणता फिल्टर वापरावा?

प्रिंटरलाइट
हा धागा शब्दांचा आहे, तरी थोडक्यात सांगतो. सावलीतल्या बर्फावर निळ्या आकाशाचा उजेड असतो आणि तुमच्या घरच्यांच्या चेहऱ्यांवर ऊन असते. दोन वेगळ्या उजेडांना एकच फिल्टर पुरा पडणार नाही. चेहरे बरोबर ठेवा आणि सावलीतले बर्फ थोडे निळे राहू द्या. ते तिथे निळेच असते. फारच खुपत असेल, तर केवळ सावलीच्या भागापुरता बदल करा.

‘रंगगाळणी’विषयी बोलायचे राहिले. भिंगापुढे लावायची काच ही खरीच गाळणी आहे, कारण ती उजेड अडवते. कृष्णधवल फिल्मवर पिवळी काच निळा उजेड कमी करते, त्यामुळे आकाश गडद होते आणि ढग उठून दिसतात. पोलरायझर ओल्या पानांवरची चकाकी अडवतो. ती चकाकी एकदा नोंदली गेली की तिच्याखालचा हिरवा रंग कोणत्याही अ‍ॅपमधून परत येत नाही. फोनमधला ‘फिल्टर’ काही गाळत नाही; तो नोंदलेले आकडे बदलतो. काचेला गाळणी म्हणा, अ‍ॅपमधल्याला ‘फिल्टर’च राहू द्या.

माडाची_सावली
मी लग्नसमारंभांची छायाचित्रे करते. प्रिंटरलाइट यांच्या म्हणण्यात एक भर घालते. कोकणातल्या संचात खरी अडचण तांबड्या मातीची येते. जांभ्याची भिंत आणि आपल्या लोकांची त्वचा ही दोन्ही लाइटरूमच्या ऑरेंज या एकाच स्लायडरखाली येतात. माती फार भडक वाटते म्हणून ऑरेंजचे सॅच्युरेशन कमी केले, की चेहरे राखेसारखे होतात. विकतच्या कित्येक प्रीसेटमध्ये तो आकडा आधीच उणा असतो, कारण ती निराळ्या त्वचेच्या माणसांवर बेतलेली असतात. मी आधी रेड कमी करून पाहते आणि ते पुरले नाही, तर माणसांना मास्कने वगळून मातीपुरताच बदल करते.

पानांचेही तसेच आहे. उन्हातली माडाची झावळी डोळ्याला हिरवी दिसते, पण स्लायडरच्या हिशेबात ती बरीचशी यलोमध्ये पडते. ग्रीन कितीही हलवले तरी झावळी जागची हलत नाही, तेव्हा लोक प्रीसेटला दोष देतात.

व्युत्पत्तिप्रेमी
तरीही ‘प्रीसेट’ला मराठी शब्द हवाच. ‘साचा’ नको असेल, तर ‘आकडेपट’ कसा वाटतो?

माडाची_सावली
ग्राहकाला ‘आकडेपट लावला आहे’ असे सांगितले, तर तो कुंडली काढायला बसेल. आमच्या व्यवसायात ‘प्रीसेट’ हाच शब्द चालतो आणि तो सगळ्यांना कळतो.

सुरूचे_बन
टिपणात ‘जुळवणी’ आणि ‘रंगसंस्कार’ घेते, ‘प्रीसेट’ आणि ‘फिल्टर’ तसेच ठेवते. एक प्रश्न मात्र उरला आहे. पंगतीची फोनवरची छायाचित्रे स्लायडरने जुळवूनही संचात वेगळी पडतात, कारण फोनने अंधारातील सावल्या स्वतःहून उजळल्या आहेत आणि त्या सपाट दिसतात. ती कृष्णधवल केली, तर संच मोडेल का?

प्रिंटरलाइट
माझ्या मते मोडेल. कृष्णधवल छायाचित्रे मध्येच आली की ती वेगळ्या काळातली वाटतात. सावल्या आणि काळे खाली ओढून पाहा. फोनने उजळलेला अंधार बऱ्याच अंशी परत आणता येतो, मात्र त्यात रंगीत ठिपके दिसू लागले तर तिथेच थांबा.

माडाची_सावली
मी असहमत आहे. पंगतीची सगळीच छायाचित्रे कृष्णधवल करून एकत्र, संचाच्या शेवटी ठेवली, तर मुळीच खटकत नाहीत. एखादेच केले, तर खटकते.