बारा टेस्टरांचा क्लोज्ड बीटा: नुसती नियमपूर्ती की खरा उपयोग?

मीनल_शब्दखेळ
कोल्हापुरात बसून एकटीनं मराठी शब्दांचा गेम केलाय, युनिटीत. अक्षरांच्या चौकटी ओढून शब्द जुळवायचा, साठ लेव्हल आहेत. प्लेवरचं खातं वैयक्तिक आणि यंदाच उघडलेलं, म्हणजे प्रकाशित करण्याआधी बारा टेस्टर सलग चौदा दिवस ठेवावेच लागणार. नात्यातले, शेजारचे मिळून बारा सहज होतात. दादा म्हणतो, चौदा दिवस जाऊ देत, तोवर तू लेव्हल वाढव. एवढ्याशा लोकांकडून खरंच काही कळतं का?

निखिल_एन
दादांचं बरोबर आहे. बारा माणसांवरून दुसऱ्या दिवशी किती जण परत येतात, हे कधीच ठरवता येत नाही. दोन जण गावाला गेले की आकडा धाडकन खाली. वर ते सगळे तुमच्या ओळखीचे, तोंडावर वाईट कोण बोलणार? नियम पुरा करा आणि सरळ बाजारात उतरा. भीती वाटत असेल तर पहिल्यांदा पाच टक्के लोकांनाच सोडा, मग वाढवत न्या. खरे खेळाडू आठवड्यात जे सांगतील ते बारा जण महिन्यात सांगणार नाहीत.

वाटाड्या
निखिल, आकड्यांबद्दल मान्य. पण पाच टक्क्यांचं ते नवीन गेमला चालत नाही. टप्प्याटप्प्यानं सोडण्याची सोय अपडेटसाठी असते, पहिलं प्रकाशन सगळ्यांसाठी एकदमच होतं. आणि चूक राहिली तर पहिल्या आठवड्यातले एक-एक तारे सगळ्यांना दिसतात. बीटातल्या टेस्टरचा अभिप्राय फक्त आपल्याला दिसतो, रेटिंगला धक्का लागत नाही.

मीनल, माझ्या गेमचं सांगतो. चौकटी फिरवून गाडीला वाट करून द्यायची, असा तो होता. अठरा जण जमवले. बारा जणांना पहिल्या दिवशी आत घेतलं, सहा जणांना थांबवलं. कारण पहिल्यांदा गेम उघडणारा माणूस एकदाच मिळतो. एकदा कळलं की कुठे बोट लावायचं, की तो तुमच्या पहिल्या पाच मिनिटांसाठी निकामी झाला. दुरुस्त केलेला बिल्ड दाखवायला कोरी माणसं शिल्लक हवीत.

आठवड्याभरात बाराही जणांचे निरोप आले: छान आहे, आवाज थोडा कमी कर. पण मी फायरबेसमध्ये प्रत्येक लेव्हलला `level_start` आणि `level_end` नोंदवत होतो. बारापैकी पाच जणांची चौथी लेव्हल सुरू झालेली, संपलेली नाही, आणि त्यानंतर गेम उघडलेलाच नाही. मग त्या पाचातल्या एका आत्तेबहिणीकडे गेलो, म्हटलं माझ्यासमोर खेळ. मी तोंड उघडलं नाही. तिनं एका चौकटीवर सात-आठ वेळा बोट मारलं, काही हललं नाही, आणि फोन खाली ठेवून म्हणाली, "अडकलाय बहुतेक." ती चौकट न फिरणारी होती, चौथ्या लेव्हललाच पहिल्यांदा आलेली, आणि दिसायला अगदी बाकीच्यांसारखी. मला ते वर्षभरात कधी खटकलं नव्हतं, कारण कुठली फिरत नाही हे मला पाठ होतं. त्या चौकटीला दगडाचा रंग दिला आणि बोट लावल्यावर किंचित थरथर. राखून ठेवलेल्या सहांपैकी सहाही जण चौथी ओलांडून गेले.

निखिल_एन
पण हे तर शेजारी बसून बघणं झालं. त्यासाठी बीटा कशाला? घरात एक फोन आणि रोज एक नवा पाहुणा, झालं काम. तुमच्या गोष्टीत चौदा दिवसांनी काय दिलं?

वाटाड्या
चौकटीपुरतं तुमचं खरं आहे, ती दोन पाहुण्यांतही सापडली असती. नोंदीतून कळलं की कुठे बघायचं, एवढंच. पण दुसरी चूक घरात बसून सापडलीच नसती. माझे एक काका रोज एसटीनं जातात, फोन दोन जीबी रॅमचा. त्यांचं म्हणणं, "काल बारावीवर होतो, आज पुन्हा नववी." आधी वाटलं, त्यांनीच काहीतरी दाबलं असेल. मग दुसऱ्या एका जुन्या फोनवाल्याची तीच तक्रार आली.

मी प्रगती `OnApplicationQuit` मध्ये साठवत होतो. काका खेळता खेळता फोन घ्यायचे, व्हॉट्सअॅप बघायचे, तेवढ्यात अँड्रॉइड जागा मोकळी करायला मागचा गेम मारून टाकायचा, आणि तसा मारला की ते फंक्शन चालतच नाही. माझ्या आठ जीबीच्या फोनवर गेम तासभर मागे जिवंत राहायचा, म्हणून मला कधी दिसलं नाही. गेम मागे जातानाच साठवायला हवं:

```csharp
void OnApplicationPause(bool paused)
{
    if (paused) SaveProgress();
}
```

हे पाहुण्यासमोर दिसत नाही, कारण पाहुणा दहा मिनिटं सलग खेळतो. स्वतःचा फोन, स्वतःची दिनचर्या आणि मध्ये आलेला फोन, हे सगळं जुळल्यावरच ते घडतं. म्हणून बारांत निदान चार जुने, स्वस्त फोन घ्या. मीनल, तुम्ही स्वतः कुठे साठवताय ते आजच बघा.

सारिका_नगर
माझी अडचण वेगळीच झाली. बीटा आहे म्हणजे गेममध्ये अडल्यावर मदत करणाऱ्या इशाऱ्यांची खरेदी फुकट असेल असं मी धरून चालले. मावशीनं दोनदा इशारे विकत घेतले आणि खरेच पैसे गेले. ते परत करत बसले.

वाटाड्या
सारिकाताई, क्लोज्ड टेस्टर असलं तरी पैसे कापले जातात. कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये `License testing` आहे, तिथे त्यांचा जीमेल वेगळा घालावा लागतो. मग खोट्या कार्डावर खरेदी होते.

गणेश_डी
मी उलट केलं, त्याची फळं भोगली. खातं उघडलं तेव्हा वीस टेस्टर लागायचे, डिसेंबर २०२४ मध्ये ते बारा झाले. एका ग्रुपवर पैसे देऊन वीस जण घेतले. सगळ्यांनी लिंक स्वीकारली, गेम कुणी उघडला नाही. पंधराव्या दिवशी अर्ज भरताना विचारतात की टेस्टर कुठून मिळवले, त्यांनी काय सांगितलं, त्यावरून तुम्ही काय बदललंत. माझ्याकडे लिहायला एक ओळ नव्हती. अर्ज परत आला, अजून टेस्टिंग करा म्हणून. पुन्हा चौदा दिवस.

निखिल_एन
अर्जात लिहायला काहीतरी हवं, हे पटलं. साठवण्याची चूकही मोठी, ती तार्‍यांत महागात पडली असती. पण बारा जणांच्या सांगण्यावरून लेव्हलची अवघड-सोपी पातळी बदलण्याला माझा विरोध कायम आहे. तुमच्या नात्यात सगळे शब्दकोडी सोडवणारे निघाले तर गेम नको तितका अवघड होऊन बसेल.

वाटाड्या
त्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. मी अवघडपणाला हात लावला नव्हता, फक्त जिथे माणूस कोड्यामुळे नाही तर न समजल्यामुळे थांबला तेवढंच बदललं. शब्दांच्या गेममध्ये या दोन गोष्टी वेगळ्या काढणं माझ्या गेमपेक्षा जड जाईल.

मीनल_शब्दखेळ
बघितलं. मीही `OnApplicationQuit` मध्येच साठवत होते. बदललं, आणि आईच्या जुन्या फोनवर गेम मागे टाकून पाच-सहा अॅप उघडून पाहिली, आता प्रगती राहते.

आईला नुसतं बसवलं तेव्हा आणखी एक दिसलं. "क्ष"ची चौकट समोर असताना ती "क" आणि "ष" शोधत होती. ती अडली ते कोड्यामुळे की न समजल्यामुळे, हे मला अजून ठरवता येत नाहीये. आत्तापर्यंत सोळा जीमेल जमलेत, त्यातले चार मी राखून ठेवतेय. बारा जणांना सोमवारी लिंक पाठवते.

सारिका_नगर
जीमेल घेताना फोनमधल्या प्ले स्टोअरवर जो चालू आहे तोच विचारा. माझ्या तिघांनी ऑफिसचा दिला होता, लिंक उघडली की त्यांना गेम सापडतच नव्हता.