कथेसाठी मदत हवी: वडिलांचा न उघडणारा शेवटचा व्हिडिओ मुलगा कसा दुरुस्त करेल?

नदीकाठ: लघुकथा लिहितोय. २००९ साली वडील बटणांच्या फोनवर विहिरीला लागलेलं पाणी टिपतात, शेवटी फोन स्वतःकडे वळवतात आणि तेवढ्यात बॅटरी संपते. पुढे ते जातात. बऱ्याच वर्षांनी फोन कपाटात सापडतो. कार्डावर ९ एमबीची फाइल आहे, पण उघडत नाही. मसुद्यात मुलगा फोन चार्जिंगला लावतो, सॉफ्टवेअर चालवतो आणि हलणाऱ्या चित्रात बाबांचा चेहरा लख्ख दिसतो. जाणकारांना काय खटकेल?

पोस्टमन: सोपं आहे. `.3gp` चं `.mp4` करा, VLC स्वतःच दुरुस्त करतो.

रीळवाला: VLC ती दुरुस्ती AVI फाइलची करतो, इथे उपयोग नाही. अशा फोनमध्ये चित्र-आवाज `mdat` या भागात साठत जातो, आणि कुठला तुकडा कुठे आहे याची यादी, म्हणजे `moov`, बहुधा चित्रण थांबवल्यावर लिहिली जाते. बॅटरी आधीच गेली, यादी राहिली. त्यामुळे बाबा फाइलमध्ये आहेत, पण पत्ता नाही.

मुलाने फोन चालूच करू नये. इतकी वर्षं पडलेली बॅटरी फुगलेली असू शकते, शिवाय चालू झालेला फोन कार्डावर काहीतरी लिहितो. कार्ड काढून रीडरमध्ये घालायचं, आधी अख्ख्या कार्डाची प्रत करायची आणि काम त्या प्रतीवरच. मग त्याच फोनने, त्याच सेटिंगवर घेतलेला एक धड व्हिडिओ शोधायचा. `untrunc` त्याच्या यादीवरून तुटक्या फाइलची यादी बांधतो. धड फाइल आधी द्यायची:

```
untrunc dhad.3gp tutka.3gp
```

नमुना दुसऱ्या सेटिंगचा असेल तर चित्राच्या जागी हिरवे-करडे चौकोन दिसतात आणि आवाज खरखरतो.

माई७१: वाचून वाईट वाटलं. माझ्या नातवाचा व्हिडिओ चुकून डिलीट झाला, तो याने येईल का?

रीळवाला: नाही माई, ते काम वेगळं. तोवर त्या फोनवर नवीन काही घेऊ नका, त्या जागेवर नवीन लिहिलं गेलं की जुनं पुसलं जातं. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

तळटीप: ९ एमबी मला खटकतंय. फाइलचा आकारही बंद करतानाच नोंदला जातो, तेव्हा ती ० बाइटची दिसायला हवी.

रीळवाला: काही फोन मधूनमधून आकार नोंदवतात. दोन्ही शक्य आहे. ० दिसली तर कार्डाच्या प्रतीतून तुकडे हुडकावे लागतील, ते जास्त कठीण. पण नदीकाठ, मोठी अडचण शेवटाची आहे. बॅटरी जाताना अखेरचे काही क्षण फोनच्या मेमरीतच असतात, कार्डावर उतरलेले नसतात. चेहरा नेमका तिथेच आहे.

नदीकाठ: म्हणजे चेहरा मिळणारच नाही?

रीळवाला: फोन वळायला लागतो तिथवर मिळेल, आणि त्यांचा आवाज. चित्र ३२० बाय २४० चं धरा. हादरे `ffmpeg` च्या `vidstab` ने कमी होतात, पण कडा कापल्या जातात आणि हलताना पुसट झालेली चौकट पुसटच राहते.

तळटीप: हात बाबांचा आहे. मुलगा हादरे काढेल का?

नदीकाठ: हे मी ठरवलेलंच नव्हतं. शेवट पुन्हा लिहायला घेतो. त्या फोनवर दुसरा धड व्हिडिओ नसेल तर?

रीळवाला: त्याच मॉडेलचा जुना फोन शोधायचा आणि त्याच सेटिंगवर मिनिटभर काहीही टिपायचं.