पीपीएफमधले पैसे काढायचेत, बँक निम्मे पण देईना (फेब्रुवारी २०२५)

कळंब्याचा_गडी: पीपीएफमधून ४ लाख काढायचेत, फ्लॅटचा हप्ता आहे. अ‍ॅपवर बॅलन्स ८,७२,००० दिसतोय, पाच वर्षं कधीच झाली, मग निम्मे ४,३६,००० मिळायला पाहिजेत का नाही? काउंटरवरचा म्हणतोय एवढे बसत नाहीत, किती बसतात ते पण सांगेना. वर या वर्षीच्या व्याजाचा एक रुपया जमा नाही. लवकर सांगा, बिल्डर डोक्यावर बसलाय.

गुजरीकर: १५ वर्षं लॉक असतंय भावा, हात लावता येत नाही. सोनं घेतलं असतंस तर गुजरीत तासाभरात रोकड मिळाली असती.

शाहूपुरी_ताई: काहीही काय! निम्मे मिळतातच, माझ्या दिरांना मिळालेत. बँक टाळतीय, सरळ तक्रार करा.

निवृत्त_कॅशियर: तक्रार राहू दे. खातं कधी उघडलं, आणि ३१ मार्च २०२१ ला पासबुकात किती होते?

कळंब्याचा_गडी: फेब्रुवारी २०१८. वर्षाला एक लाख भरतो, मार्चच्या शेवटी, टॅक्सपुरते. २०२१ ला ४,४८,००० होते. पण ते जुनं झालं की, आजचं बघा ना.

निवृत्त_कॅशियर: आजचं बघतच नाहीत. चार वर्षांमागची मार्चअखेर आणि गेली मार्चअखेर, यात जी शिल्लक कमी तिच्या निम्मे. म्हणजे तुम्हाला यंदा २,२४,०००. ताईंच्या दिरांनी मधे फार भरले नसतील, म्हणून त्यांना फरक जाणवला नसेल. आता ऐका, आर्थिक वर्षात एकदाच काढता येतात, पण वर्ष १ एप्रिलला बदलतं. आत्ता २,२४,००० काढा, एप्रिलमध्ये परत अर्ज टाका. तेव्हा मार्च २०२२ ची शिल्लक धरतील, ती ५,८०,००० च्या आसपास असणार, त्याचे निम्मे २,९०,०००. दोन्ही मिळून पाच लाखांवर जातंय.

शाहूपुरी_ताई: पण वर्ष खातं उघडल्या तारखेपासून धरतात ना?

निवृत्त_कॅशियर: नाही हो, मार्चअखेरपासून. त्यांची १५ वर्षं पण फेब्रुवारी २०३३ ला नाही, ३१ मार्च २०३३ ला भरतात. व्याजाचं म्हणाल तर हिशोब दर महिन्याला होतो, जमा ३१ मार्चलाच होतं. ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक, तिच्यावर. मार्चच्या शेवटी भरलेल्या लाखाला त्या वर्षी काहीच मिळत नाही. तेच ५ एप्रिलच्या आत टाकले तर ७.१ टक्क्यांनी ७,१०० रुपये.

कळंब्याचा_गडी: आयला, इतकी वर्षं कुणी बोललं पण नाही. पण बिल्डर एप्रिलपर्यंत थांबतोय होय?

राजारामपुरी_७वी_गल्ली: मधेच विचारतो, माझे दीड लाख आणि पोराच्या खात्यात दीड लाख असे भरलेत, चालतंय ना?

निवृत्त_कॅशियर: पोरगं अज्ञान असेल तर दोघांचे मिळून दीड लाख. जादाच्या पैशावर व्याज नाही, ते परत करतात.

राजारामपुरी_७वी_गल्ली: आमच्या एजंटनं तर चालतंय म्हणून सांगितलंय.

गुजरीकर: म्हणून म्हणतोय, सोनं.