मदत हवी आहे: 20/50 मूव्हिंग ॲव्हरेजच्या बॅकटेस्टमध्ये 24 टक्के परतावा दिसतो आहे, त्यावर विश्वास ठेवावा का?

धंतोलीकर

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, नोकरी करतो आणि फावल्या वेळात पायथन शिकलो आहे. बाबा निवृत्त झाले असून त्यांच्या रकमेतील पाच लाख रुपये एखाद्या शिस्तबद्ध पद्धतीने शेअरमध्ये ठेवावेत, असा घरात विचार सुरू आहे. त्यासाठी मी निफ्टी 50 मधील आजचे पन्नास शेअर घेतले, प्रत्येकाला दहा हजार रुपयांचा समान हिस्सा दिला आणि 2010 ते 2024 या काळासाठी 20 व 50 दिवसांच्या सरासरीची पद्धत तपासली. 20 दिवसांची सरासरी वर असेपर्यंत शेअर ठेवायचा, खाली गेली की विकायचा, इतकाच नियम आहे.

```python
df["fast"] = df["Close"].rolling(20).mean()
df["slow"] = df["Close"].rolling(50).mean()
df["pos"] = (df["fast"] > df["slow"]).astype(int)
df["ret"] = df["pos"] * df["Close"].pct_change()
```

वार्षिक चक्रवाढ परतावा 24 टक्के येतो. याच पंधरा वर्षांत निफ्टी सुमारे 5200 वरून 23,645 पर्यंत गेला, म्हणजे वर्षाला साडेदहा टक्के. लाभांश धरला तरी बारा टक्क्यांच्या आसपास. इतक्या साध्या नियमाने दुप्पट परतावा मिळत असेल, तर काहीतरी निसटते आहे असे मला वाटते. खर्च अजून धरलेला नाही. बाबांचे पैसे लावण्यापूर्वी ही तपासणी प्रामाणिक कशी करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

इतवारी_ट्रेडर

20/50 जुने झाले, दादा. मी 9 आणि 21 चा एक्स्पोनेन्शियल वापरतो, तो लवकर सिग्नल देतो. मात्र एक गोष्ट अनुभवाने सांगतो. एका लहान कंपनीच्या शेअरमध्ये सरासरी खाली छेदली, मी सकाळी विकायला बसलो, तर शेअर उघडताच पाच टक्क्यांच्या लोअर सर्किटला लागलेला होता. विकणाऱ्यांची रांग, घेणारा एकही नाही. हे सलग काही दिवस चालले. चार्टवर विक्रीचा बाण दिसत होता, पण त्या भावाला विकता मात्र आले नाही.

धंतोलीकर

आभारी आहे. कोणती सरासरी चांगली हा माझा प्रश्न नाही, आलेला आकडा खरा आहे का हा आहे. सर्किटचा मुद्दा मात्र नोंदवून ठेवतो.

कोडकरी_वर्धा

तुमच्या शेवटच्या ओळीत चूक आहे. आजचा सिग्नल आजच्या बंद भावावरून निघतो आणि तुम्ही तो आजच्याच परताव्याला गुणला आहे. म्हणजे जी वाढ होऊन गेल्यामुळे सिग्नल आला, तीच वाढ तुम्ही कमावली असे धरले जाते. यालाच लुकअहेड बायस म्हणतात. प्रत्यक्ष खरेदी दुसऱ्या दिवशी सकाळी होणार असल्याने उघडता भाव घ्या आणि सिग्नल एक दिवस पुढे ढकला: `df["pos"].shift(1) * df["Open"].pct_change()`. एवढे केले की प्रश्न मिटला.

भावप्रत

कोडकरींनी रोग बरोबर ओळखला आहे, पण औषध अर्धेच दिले आहे. याच जागी पुष्कळ लोक फसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

सोमवारी शेअर 400 ला बंद झाला, मंगळवारी 412 ला बंद झाला आणि त्या 412 मुळे 20 ची सरासरी 50 च्या वर गेली, असे समजा. ही बातमी आपल्याला मंगळवारी संध्याकाळी कळते. बुधवारी बाजार 415 ला उघडतो आणि आपण तिथे घेतो. मूळ कोडने 400 ते 412 ही वाढ खिशात घातली, प्रत्यक्षात आपली खरेदी 415 ची आहे. केवळ प्रवेशातच पावणेचार टक्क्यांचा फरक पडला, आणि विक्रीच्या दिवशी हेच उलट दिशेने घडते.

आता कोडकरींची ओळ पाहा. बुधवारच्या रांगेत `Open.pct_change()` म्हणजे मंगळवारच्या उघडत्या भावापासून बुधवारच्या उघडत्या भावापर्यंतचा बदल. `shift(1)` ने त्याला मंगळवारचा सिग्नल जोडला जातो. पण मंगळवारचा सिग्नल मंगळवारी सकाळी अस्तित्वातच नव्हता! म्हणजे गळती दुसऱ्या दाराने परत आत आली. बुधवारी उघडताना घेतलेल्या शेअरचा पहिला परतावा गुरुवारच्या रांगेत दिसतो, म्हणून उघडत्या भावांसाठी दोन दिवस ढकलावे लागते.

```python
hold = df["pos"].shift(2)
df["ret"] = hold * df["Open"].pct_change()
```

बंद भावांवर `shift(1)` चालते, पण त्यात सिग्नलच्याच दिवशी बंद भावाला खरेदी झाली असे गृहीत धरले जाते. तुम्ही तपासत असलेल्या काळात एनएसईचा बंद भाव हा शेवटच्या अर्ध्या तासातील व्यवहारांची भारित सरासरी आहे, शेवटचा सौदा नव्हे. तो कळेपर्यंत नेहमीचे व्यवहार आटोपलेले असतात.

गळती उरली आहे का, हे ओळखण्याचा एक भरवशाचा मार्ग आहे. संगणकाकडून सरासरी शून्य असलेले यादृच्छिक दैनिक बदल घेऊन एक खोटा शेअर तयार करा, त्यात आजचा उघडता भाव कालच्या बंद भावाइतकाच ठेवा आणि असे काही शेकडा खोटे शेअर तुमच्या कोडमधून चालवा. त्या भावांमध्ये कमावण्यासारखे काहीच नसल्याने खर्चापूर्वीचा सरासरी परतावा शून्याच्या आसपास यायला हवा. तुमचा मूळ कोड आणि कोडकरींची ओळ, दोन्ही तिथे नफा दाखवतील.

कोडकरी_वर्धा

मान्य. आत्ताच खोट्या शेअरवर चालवून पाहिले. `shift(1)` आणि उघडता भाव यांच्या जोडीने खरोखरच नफा दाखवला. `shift(2)` ने तो नाहीसा झाला.

गणिती_ताई

मी खर्चाबद्दल लिहिते, कारण दहा हजारांचे पन्नास हिस्से ही रचनाच मला खटकते. तुमच्या ब्रोकरकडे डिलिव्हरीवर दलाली शून्य आहे असे धरू. तरी खरेदीला 0.1 टक्का आणि विक्रीला 0.1 टक्का एसटीटी, म्हणजे वीस रुपये गेले. खरेदीवर 0.015 टक्का मुद्रांक शुल्क, दीड रुपया. एक्स्चेंजचे शुल्क आणि त्यावरील जीएसटी मिळून रुपयाच्या आत. मग विक्रीच्या दिवशी डीमॅट खात्यातून शेअर बाहेर पडताना डीपी शुल्क लागते, ते ब्रोकरनुसार बदलते, पण पंधरा रुपये धरा. सगळे मिळून सदतीस रुपयांच्या वर, म्हणजे एका फेरीला 0.37 टक्के. हाच हिस्सा पन्नास हजारांचा असता तर डीपी शुल्क तेवढेच राहून खर्च 0.25 टक्क्यांवर आला असता. शिवाय 2024 मध्ये बराच काळ मारुतीचा एक शेअरच दहा हजारांच्या वर होता. बॅकटेस्ट अपूर्णांकात शेअर घेतो, तुम्हाला तो घेता येणार नाही.

स्लिपेजसाठी निफ्टीतील शेअरना एका बाजूला 0.1 टक्का धरावा, असे माझे मत आहे. इतवारी_ट्रेडर यांच्या लहान शेअरला हा आकडा लावू नये. तिथे सर्किट लागलेल्या दिवशी सौदा झालाच नाही असे कोडमध्ये लिहावे लागते. अशा रीतीने एका बाजूचा एकूण खर्च 0.3 टक्के होतो. तो रोज न लावता स्थिती बदलेल त्याच दिवशी वजा करावा:

```python
df["ret"] -= 0.003 * hold.diff().abs()
```

अल्पकालीन भांडवली नफ्यावरील कर यात नाही. जुलै 2024 पासून तो 20 टक्के आहे आणि या पद्धतीतील बरेचसे सौदे वर्षाच्या आत संपतात, त्यामुळे तो वेगळा मांडून बाबांना नक्की दाखवा.

भावप्रत

उघडत्या भावाबाबत ताईंच्या 0.1 टक्क्याला थोडी सूट देता येईल. सकाळी 9 वाजता सुरू होणाऱ्या प्री-ओपन सत्रात ऑर्डर टाकली, तर लिलावात ठरलेला उघडता भावच मिळतो, आणि दहा हजारांच्या ऑर्डरने निफ्टीतील शेअरचा भाव हलत नाही. सव्वानऊनंतर पहिल्या मिनिटांत बाजारभावाने घेतले, तर मात्र ताईंचा आकडा कमीही पडू शकतो.

गणिती_ताई

नोकरी करणारा माणूस रोज ते सत्र गाठेलच, असे धरून आकडा कमी करणे मला पटत नाही. मी 0.1 च ठेवीन.

धंतोलीकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोन दिवस ढकलल्यावर 24 चे 17 टक्के झाले. एका शेअरमध्ये वर्षाला सरासरी तीन फेऱ्या होतात, म्हणून खर्च धरल्यावर 15 च्या थोडे वर उरले. म्हणजे अजूनही निफ्टीपेक्षा तीन टक्के जास्त. हे खरे मानावे का?

कोडकरी_वर्धा

आजची पन्नासची यादी घेतल्याने सर्व्हायव्हरशिप बायस येतो खरा, पण या पद्धतीत त्याचा परिणाम नगण्य असावा. बुडणारा शेअर सरासरीच्या खाली जातो आणि आपण आपोआप बाहेर पडतो.

भावप्रत

बुडणाऱ्या शेअरबद्दल तुमचे म्हणणे काही अंशी बरोबर आहे. पण सत्यमचा शेअर 7 जानेवारी 2009 रोजी एका दिवसात तीन चतुर्थांशाहून अधिक घसरला, तिथे कोणतीही सरासरी वेळेवर सांगत नाही. आणि संथपणे खचणारा शेअर मधूनमधून उसळ्या मारतो, प्रत्येक उसळीत आपण आत जातो आणि तोटा घेऊन बाहेर येतो.

मोठी चूक मात्र दुसऱ्या बाजूला आहे. बजाज फायनान्स निफ्टीत 2017 मध्ये आला, टायटन 2018 मध्ये आणि ट्रेंट 2024 मध्ये. ते आले ते आधी प्रचंड वाढल्यामुळेच. आजची यादी 2010 पासून वापरली, की ती सगळी वाढ तुमच्या खात्यात जमा होते, जणू 2010 मध्ये तुम्हाला या शेअरची नावे ठाऊक होती. त्या जानेवारीतल्या यादीत युनिटेक, सुझलॉन आणि रिलायन्स कम्युनिकेशन्स होते, आणि ते तुमच्या डेटात नाहीत. तुमच्या यादीतील सर्व शेअर नुसते घेऊन ठेवले असते तर किती मिळाले असते, हे आधी काढा. तो आकडा 15 च्या वर निघाला, तर जादा परतावा यादीतून येतो आहे, सरासरीतून नव्हे.

धंतोलीकर

काढला. नुसते घेऊन ठेवले असते तर 18 टक्के. म्हणजे सरासरीच्या नियमाने उलट तीन टक्के कमीच केले आहेत. आता त्या त्या काळातील यादी कशी उभी करावी?

भावप्रत

यादीत मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस बदल होतात आणि एखादा मध्येच होतो, जसा मार्च 2020 मध्ये येस बँकेचा झाला. जुनी प्रसिद्धिपत्रके पाहून प्रत्येक बदलाची अंमलबजावणीची तारीख लिहून काढावी लागेल. घोषणेची तारीख घेऊ नका. भावांसाठी एनएसईची रोजची भावप्रत वापरा, कारण त्या दिवशी व्यवहार झालेला प्रत्येक शेअर तिच्यात असतो, मग तो पुढे बंद पडलेला का असेना. त्या भावांमध्ये बोनस आणि विभाजनाची दुरुस्ती केलेली नसते, ती स्वतः करावी लागते. कंपन्यांची चिन्हे बदलतात, म्हणून जोडणी आयएसआयएनवर करा. तोही विभाजनानंतर बदलतो, हे ध्यानात असू द्या.

गणिती_ताई

शेअर यादीतून वगळला गेला त्या दिवशी हाती असेल, तर विकायचा की सरासरीचा सिग्नल येईपर्यंत ठेवायचा? मी पहिल्या दिवशीच विकते.

भावप्रत

मी सिग्नलपर्यंत ठेवतो, कारण खात्यातला शेअर निर्देशांकातून गेला म्हणून कोणी आपल्याकडून काढून घेत नाही. दोन्ही प्रकारे चालवून बघावे. आकड्यांत मोठा फरक पडला तर नेमका कोणत्या शेअरमुळे पडला, ते शोधावे.

धंतोलीकर

भावप्रती उतरवायला सुरुवात केली आहे. युनिटेक आणि सुझलॉनचे 2010 चे भाव मिळाले, विभाजनांची तपासणी बाकी आहे. ताईंच्या सूचनेप्रमाणे पाच लाखांचे दहाच हिस्से करून खर्चही नव्याने मांडतो. पन्नासातून दहा शेअर निवडण्याचा नियम मात्र आजचे निकाल न पाहता कसा ठरवावा, यावर कोणाला सुचत असेल तर जरूर लिहावे.