मदत हवी आहे: चक्रवाढीचं सूत्र आणि कर्जाचा हप्ता जुळत नाही, वर्गाला कसं दाखवू?

वहीतलीआकडेमोड

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला शिकवते. चक्रवाढ व्याज झालं, या आठवड्यात कर्जाचे हप्ते सुरू केले. दोन्ही स्प्रेडशीटवरच करायचं असं ठरवलं होतं आणि तिथेच अडकले आहे.

उदाहरण साधं घेतलं. मुद्दल १,००,०००, दर वार्षिक १२ टक्के, दर महिन्याला आकारणी, मुदत १२ महिने. शीट अशी:

```
B1: 100000
B2: 12%
B3: 12
B4: =PMT(B2/12,B3,-B1)
```

B4 मध्ये ८,८८४.८८ आलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, तुम्हीच शिकवलंत की एक लाखाचे वर्षभरात १,१२,६८२.५० होतात. त्याला बारानं भागलं तर हप्ता ९,३९०.२१ यायला हवा. मग उरलेलं व्याज गेलं कुठे?"

मी म्हटलं, दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं म्हणून व्याज कमी लागतं. तो म्हणाला, "ते कळलं, पण मग चक्रवाढीचं सूत्र खोटं का?" पूर्ण वर्ग माझ्याकडे बघत होता. सूत्र खोटं नाही हे मला माहीत आहे, पण दोन्ही गोष्टी एकाच शीटवर एकमेकींना भेटताना कशा दाखवायच्या ते सुचत नाहीये. PMT चं सूत्र फळ्यावर सिद्ध करणं हा उपाय नको. निम्मा वर्ग गुणोत्तर श्रेढी पाहिली की मान खाली घालतो.

हिशेबनीस

मुळात कर्जाच्या हप्त्यात चक्रवाढ नसतेच. व्याज दर महिन्याला भरून टाकतो, मग व्याजावर व्याज लागणार कसं? सरळव्याज शिकवा. लाखावर १२ टक्के म्हणजे १२,०००. एकूण १,१२,००० भागिले १२, हप्ता ९,३३३.३३. मुलांना दोन मिनिटांत समजेल.

खतावणी

हिशेबनीस, तुमचं पहिलं वाक्य बरोबर आहे आणि शेवटचं घात करणारं आहे. हप्ता वेळेवर भरला तर व्याजावर व्याज चढत नाही, हे मान्य. पण तुम्ही बाराही महिने पूर्ण लाखावर व्याज लावलंत. अकराव्या महिन्यात कर्जदाराकडे लाख असतात का? शीटलाच विचारा:

```
=RATE(12,-9333.33,100000)*12
```

उत्तर सुमारे २१.४६ टक्के येतं. सांगताना १२, घेताना साडेएकवीस. याला फ्लॅट रेट म्हणतात. तो शिकवावा जरूर, पण सावध करण्यासाठी.

आता मूळ प्रश्न. तुमच्या विद्यार्थ्यानं फार चांगल्या ठिकाणी बोट ठेवलंय. १,१२,६८२.५० ही रक्कम वर्षाच्या शेवटच्या दिवसाची आहे. हप्ते मात्र पहिल्या महिन्यापासून भरलेले आहेत. त्यानं वर्षअखेरच्या रकमेला बारानं भागलं आणि तो भाग पहिल्याच महिन्यात भरायला लावला. पहिला हप्ता अकरा महिने आधी जातो, त्या अकरा महिन्यांचं श्रेय त्याला मिळायला नको का?

म्हणून शीटवर दोन खाती मांडा. आधी नेहमीचा तक्ता. ७ वी ओळ शून्य महिन्याची, E7 मध्ये `=B1`. ८ व्या ओळीत हप्ता, व्याज, मुद्दल, बाकी:

```
B8: =$B$4
C8: =E7*$B$2/12
D8: =B8-C8
E8: =E7-D8
```

हे १९ व्या ओळीपर्यंत खाली ओढा. मग शेजारी तीन कॉलम. F मध्ये कर्ज, जणू एकही हप्ता भरला नाही. G मध्ये भरलेले हप्ते, जणू तेही त्याच दरानं वाढत गेले. H मध्ये दोन्हींचा फरक. F7 मध्ये `=B1`, G7 मध्ये ०, आणि पुढे:

```
F8: =F7*(1+$B$2/12)
G8: =G7*(1+$B$2/12)+B8
H8: =F8-G8
```

सहाव्या महिन्याची ओळ मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्या. F मध्ये १,०६,१५२.०२, G मध्ये ५४,६५९.९१, फरक ५१,४९२.११. आता डावीकडे E मध्ये बघायला सांगा, तिथेही ५१,४९२.११ च आहे. प्रत्येक ओळीत असंच. बाराव्या महिन्यात F आणि G दोन्हीकडे १,१२,६८२.५० दिसतं आणि H शून्य होतं. त्या मुलाचं सूत्र खरं ठरलं, फक्त दुसऱ्या बाजूलाही तेच सूत्र लावायचं राहिलं होतं.

हरवलेलं व्याजही सापडतं. बारा हप्त्यांची नुसती बेरीज १,०६,६१८.५५. G मधली शेवटची रक्कम त्याहून ६,०६३.९६ नं जास्त आहे. तेच त्याचं "उरलेलं".

नेहमीचाउशीर

विषय निघालाच आहे तर विचारतो. माझ्या कर्जाचा दर मध्येच वाढला, हप्ता मात्र तोच राहिला. मी खूश होतो. नंतर कळलं की मुदत वाढवली आहे. हे शीटवर आधी कळलं असतं का?

खतावणी

धागा वेगळा आहे, पण हो. NPER मध्ये नवा मासिक दर, तोच हप्ता आणि त्या दिवशीची बाकी घाला, किती महिने उरले ते येतं. हप्ता त्या महिन्याच्या व्याजापेक्षा कमी पडला तर NPER उत्तराऐवजी चूक दाखवतो, कारण ते कर्ज कधीच फिटणार नसतं. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे मॅडमचा वर्ग खोळंबलाय.

वहीतलीआकडेमोड

खतावणी, खूप आभार! आज प्रयोगशाळेत करून घेतलं. दोन गोष्टी घडल्या.

एक म्हणजे सात-आठ मुलींच्या शीटवर दुसऱ्या महिन्याचं व्याज ९२,११५.१२ आलं, म्हणजे मागच्या बाकीएवढंच! तिसऱ्यात तर आकडे सेलमध्ये मावेनात. खूप वेळ शोधत बसले.

दुसरं, एका मुलीनं १२,६८२.५० मधून ६,६१८.५५ वजा केले तर ६,०६३.९५ आले आणि शीट ६,०६३.९६ म्हणते. तिला तो एक पैसा सोडवत नाहीये. तिचं नाव मी ऑडिटर ठेवलंय.

दशांश

पहिलं ओळखीचं आहे. C8 मध्ये त्यांनी `$` न लावता `=E7*B2/12` लिहिलं असणार. खाली ओढल्यावर B2 चं B3 झालं. B3 मध्ये महिने, म्हणजे १२. बारा भागिले बारा एक, म्हणून व्याज बाकीएवढं. तिसऱ्या महिन्यात B4, म्हणजे हप्त्याची रक्कमच दर म्हणून वापरली गेली. मी मुलांना सांगतो, आकडा वेडा दिसला की दुसऱ्या ओळीतल्या सेलवर जा आणि F2 दाबा. कोणते सेल रंगले ते बघितलं की चूक आपोआप दिसते.

दुसरं: सेलमध्ये दोन दशांश दिसतात, पण आत पूर्ण संख्या असते. तिनं आधी पैशांपर्यंत तोडलेले आकडे वजा केले, शीटनं न तोडलेले. दोघीही बरोबर. पण प्रत्यक्षात ८,८८४.८७८८… असा हप्ता कोणी भरत नाही, म्हणून पुढचा तास यावरच घ्या. B4 असा करा:

```
=ROUND(PMT(B2/12,B3,-B1),0)
```

हप्ता ८,८८५ होईल आणि बाराव्या महिन्याची बाकी उणे १.५४ येईल. उणे बाकी म्हणजे कर्जदारानं जास्त भरले. म्हणून शेवटच्या हप्त्याला वेगळा फॉर्म्युला लागतो, `=E18+C19`, म्हणजे मागची बाकी अधिक त्या महिन्याचं व्याज. तो ८,८८३.४६ येईल. दर महिन्याचं व्याजही ROUND नं पूर्णांकात आणलं तर शेवटचा हप्ता ८,८८४ होतो. म्हणजे कुठे ROUND लावता यावर उत्तर बदलतं, आणि सेलचं फॉरमॅट बदलणं म्हणजे ROUND नव्हे.

हिशेबनीस

फ्लॅट रेटचं पटलं, चूक कबूल. पण माझं पहिलं वाक्य अजून उभं आहे. E च्या तक्त्यात व्याजावर व्याज कुठेच नाही. मग वर्गात "चक्रवाढ" म्हणायचं की नाही?

खतावणी

ROUND न लावलेल्या मूळ शीटवर एक हप्ता चुकवून बघा. चौथ्या महिन्याच्या B11 मध्ये ० टाका, बाकी काही हलवू नका. त्या महिन्याचं व्याज ७६१.०८ होतं, ते बाकीत जाऊन बसतं. D मध्ये उणे आकडा दिसेल, म्हणजे मुद्दल फिटण्याऐवजी वाढलं. पाचव्या महिन्याचं व्याज ६७९.८४ असायचं ते ७६८.६९ होतं. त्यातले ७.६१ हे व्याजावरचं व्याज. बाराव्या महिन्यानंतर बाकी ९,६२१.०५ उरते, चुकलेल्या हप्त्याहून ७३६ नं जास्त. दंड यात धरलेलाच नाही. चक्रवाढ तिथेच दबा धरून बसलेली असते, वेळेवर भरणाऱ्याला दिसत नाही इतकंच.

दशांश

इथे मी थोडा वेगळा आहे. ही शीट दरमहा १ टक्का धरते, म्हणजे वर्षाचा खरा दर १२.६८ टक्के. `=EFFECT(12%,12)` करून बघा. "वार्षिक १२ टक्के" याचा अर्थ वर्षाला नेमके १२ च असा घेतला तर मासिक दर `=1.12^(1/12)-1`, आणि हप्ता ८,८५६.२१. मी दोन्ही शिकवतो आणि प्रश्नातच अर्थ स्पष्ट लिहितो.

खतावणी

कर्जाच्या कागदावर दर असतो तो सहसा बारानं भागायचाच. पहिल्या वर्षाला दोन दर एकदम दिले तर गोंधळ होईल. EFFECT नंतर कधीतरी.

दशांश

नंतर कधीतरी म्हणजे कधीच नाही. पण वर्ग माझा नाही.

वहीतलीआकडेमोड

आज B11 मध्ये शून्य टाकायला सांगितलं. मागच्या बाकावरच्या त्याच मुलानं H कॉलम बघून सांगितलं, "हप्ता चुकला तरी E आणि H जुळतातच." मी हे तपासलं नव्हतं, G8 मध्ये B8 असल्यामुळे ते होतं. मग त्यानं विचारलं, "दर मध्येच बदलला तर जुळतील का?" B2 एकच सेल आहे म्हणून ते आत्ता करता येत नाही. प्रत्येक ओळीला दराचा वेगळा कॉलम द्यायला सांगितलाय, सोमवारी बघू. EFFECT चं अजून ठरलेलं नाही, परीक्षेच्या प्रश्नात मात्र "दरमहा आकारणी" हे शब्द घालणार आहे.