अचानक आलेली आणि आपोआप थांबलेली वृषणवेदना

> वय १९. पहाटे डाव्या वृषणात असह्य कळ आली, उलटी झाली आणि अर्ध्या तासात सगळे थांबले. चाचपून पाहिले, गाठ नाही. आता डॉक्टरांकडे जायलाच हवे का?

होय, आजच जावे. हे वर्णन वृषणाला पीळ पडून तो आपोआप सुटल्याचे असू शकते, आणि असा पीळ पुन्हा पडू शकतो. त्यात वृषणाला रक्त नेणारी दोरीच पिळली जाते, त्यामुळे गाठ लागत नाही. फार तर ते वृषण वर ओढलेले किंवा आडवे झालेले जाणवते. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर महिन्यातून एकदा केलेली तपासणी न दुखणारी कठीण गाठ शोधण्यासाठी असते (मागच्या बाजूची मऊ गुंडाळी नैसर्गिक असते), पिळाची शंका तिने फिटत नाही.

कळ पुन्हा आली, मग ती नुसती ओटीपोटात जाणवली तरी, वेदनाशामक घेऊन सकाळची वाट पाहू नये. शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय तत्काळ गाठावे, काही खाऊपिऊ नये आणि वृषणाचे दुखणे न लाजता स्पष्ट सांगावे. साधारण ६ तासांत पीळ सोडवला तर वृषण बहुधा वाचते. २४ तासांनंतर क्वचितच. रचनेतला सैलपणा बहुधा दोन्हीकडे असल्याने शल्यचिकित्सक दुसरे वृषणही टाके घालून स्थिर करतात.