मदत हवी आहे: खो-खोमध्ये ‘खो’ मिळण्याआधीच उठणारा मुलगा

वैशाली_म
मी सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत सहावीची वर्गशिक्षिका आहे. खेळाला वेगळे शिक्षक नाहीत, त्यामुळे ती तासिकाही माझ्याकडेच. पट ४८, तासिका ३५ मिनिटांची. वर्गातल्या एका मुलाला एडीएचडी आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय. त्याला इथे समीर म्हणते, नाव बदललंय. वर्गात पहिला बाक आणि थोडं थोडं काम देऊन बऱ्यापैकी जमतं. मैदानावर तो खुलेल असं वाटायचं, पण तिथेच जास्त बिनसतं.

मागच्या मंगळवारी ओळी लावल्या, खो-खोचे नियम सांगितले, गट पाडले. त्यातच बारा मिनिटं गेली. तोवर समीर ओळ सोडून फक्कीची रेघ पायाने पुसत होता. मग चौकोनात बसवला, तर खो मिळायच्या आत तीनदा उठला. गटातली मुलं ओरडली, त्याने एकाला ढकललं, मी त्याला बाहेर बसवलं. उरलेली तासिका तो रडत होता. बाहेर बसवणं बरोबर नाही हे मला कळतं. पण ४७ मुलं समोर असताना दुसरं काय करायचं, ते सुचवा.

संदीप_कोल्हापूर
मॅडम, अशा मुलाला आधी मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावा. अंगातली रग उतरली की शांत बसतो. माझ्या भाच्याला याचा फायदा झालाय.

फक्की
ताई, मी बावीस वर्षं क्रीडाशिक्षक होतो. संदीपदादांचं निम्मं बरोबर आहे. सुरुवातीला पळणं झालं की अशा मुलांचं लक्ष थोडा वेळ बरं लागतं, पण सगळ्या वर्गाने पळावं. एकट्यालाच फेऱ्या दिल्या की ती शिक्षा होते, आणि दमलेला मुलगा आणखी लवकर चिडतो.

तुमच्या तासिकेचा हिशोब बघा. पूर्ण खो-खोत पाठलागाला नऊ गडी आणि पळायला तीन, म्हणजे बारा जण आत. त्यातही एका वेळी पळतात चारच. बाकी आठ चौकोनात बसून असतात आणि छत्तीस मुलं रेषेबाहेर. ज्याला थांबणं सगळ्यात जड जातं, त्याला आपण तासभर थांबायचंच काम देतो.

म्हणून आठ-आठ मुलांच्या सहा पट्ट्या करा. प्रत्येक पट्टी दहा-बारा पावलं लांब, दोन्ही टोकांना खांबाऐवजी फक्कीचं गोल. चौघं आलटून पालटून तोंडं करून बसतील, एक पाठलागाला, दोघं पळायला आणि एक मोजायला. कुणीच रिकामं राहत नाही. मुलांना एक ते आठ क्रमांक द्या. पहिल्या डावात एक मोजणार, दोन-तीन पळणार. दुसऱ्यात दोन मोजणार, तीन-चार पळणार. पुढे असंच. डाव दोन मिनिटांचा. पळणारा बाद झाला तरी बाहेर काढायचा नाही. मोजणारा एक गुण धरेल, पळणारा टोकाच्या गोलाला शिवून पुन्हा पळेल.

आणि फक्की तासिकेआधीच मारून ठेवा. मुलं उभी असताना रेघा आखायला घेतल्या की तासिका हातची गेली.

वैशाली_म
सर, हे करून बघते. पण एवढं सगळं समीरला समजावू कसं? दुसऱ्या वाक्यालाच त्याची नजर हलते.

सावली
मी विशेष शिक्षिका आहे. वैशालीताई, समजावूच नका, दाखवा. आठ मुलांची एक पट्टी मध्ये घ्या, समीरला त्यात असू द्या, एक डाव खेळवा आणि बाकीच्यांना बघू द्या. नंतरची सूचना एका वेळी एकच: ‘पट्टीत बसा.’ सगळे बसले की ‘क्रमांक एक, हात वर.’ ‘आधी हे करा, मग ते, आणि झालं की तिकडे जा’ असं वाक्य आलं की मधला भाग गळतो आणि मूल शेवटचं तेवढं करतं. तो मुद्दाम करतोय असं बघणाऱ्याला वाटतं.

‘समजलं का?’ विचारलं की सगळे हो म्हणतात. त्याऐवजी ‘समीर, तुझा क्रमांक कोणता? मग आता तू काय करणार?’ असं विचारा. जवळ जाऊन, हळू आवाजात.

आणखी एक. अशा मुलाला सामान आणणं, शिट्टी सांभाळणं अशी कामं द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. कधीमधी ठीक, पण नेहमी तेच दिलं तर तो खेळाबाहेरच राहतो. क्रमांकाने फिरणारं काम बरं, कारण ते सगळ्यांच्याच वाट्याला येतं.

अनघा_पुणे
माझी मुलगी पहिलीत आहे, तिचंही लक्ष नसतं. पण ती एका जागी गप्प बसून हरवते, त्रास काही देत नाही. बाई म्हणतात, शांत आहे, काळजी नको. तिलाही पळवायला हवं का? औषध सुरू करावं का?

सावली
अनघाताई, औषधाचं इथे कुणी सांगू नये, ते बालरोगतज्ज्ञांना किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांना तिला बघूनच ठरवू द्या. पण दाखवा जरूर. गप्प हरवणाऱ्या मुली बऱ्याचदा उशिरा लक्षात येतात, कारण कुणाची तक्रारच येत नाही.

वैशाली_म
दोन तासिका झाल्या, म्हणून लिहितेय. पहिल्या दिवशी समजावण्यात चारच मिनिटं गेली. समीर पळताना आणि पाठलागात उत्तम! त्याचा चेहरा बघून मला भरून आलं. पण बसल्यावर आधीपेक्षा जास्त उठायला लागला. सहा पट्ट्यांत एकदम ‘खो, खो’ सुरू होतं आणि तो शेजारच्या पट्टीतल्या खोवरही उठतो.

फक्की
हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. खो देताना पाठीला हात लागला पाहिजे आणि त्याच वेळी आवाज आला पाहिजे, हा मूळ नियमच आहे. मुलं घाईत नुसती ओरडतात. सगळ्या वर्गालाच सांगा: ‘हात लागला, तरच उठायचं.’ दहा मिनिटं मुका खो-खो खेळवा, तोंडाने शब्द नाही, पाठीवर फक्त हात. आणि समीरला कडेच्या पट्टीत घ्या, म्हणजे शेजारी एकच पट्टी राहील.

डाव बदलताना काय करता?

वैशाली_म
शिट्टी देते आणि पुढचे क्रमांक सांगते. तेवढ्यात गलका होतो, समीर नळाकडे पळतो.

फक्की
त्या मोकळ्या पंधरा सेकंदांतच तो सुटतो. मध्ये हालचाल घाला. शिट्टी झाली की आठही जण आपल्या टोकाच्या गोलाला लंगडीत वळसा घालतील आणि तुम्ही दहा म्हणायच्या आत जागेवर येतील. वीस आकडे मोजलेत तर लवकर आलेले भरकटतात. पुढचे क्रमांक सगळे बसल्यावर सांगा, आधी नाही.

वैशाली_म
आजची तासिका सांगते. मुका खो-खो मुलांना फार आवडला. समीर आठ डावांत दोनदाच चुकीचा उठला, आणि तेव्हा मुलं ओरडली नाहीत, कारण त्यांच्याही चुका होत होत्या. लंगडीमुळे नळाकडचं पळणं थांबलं. मोजताना मात्र त्याचे आकडे हरवले, त्यावरून वाद झाला.

सावली
मोजणाऱ्याला, म्हणजे सगळ्यांनाच, दहा खडे द्या. एक बाद झाला की एक खडा गोलात. आकडा डोक्यात धरावाच लागणार नाही.

वैशाली_म
हे उद्याच करते. एक प्रश्न राहतोच. पुढच्या महिन्यात केंद्रस्तरीय स्पर्धा आहेत, तिथे पूर्ण खो-खो, आठ चौकोन, बाहेरून आरडाओरडा. समीरला संघात यायचंय आणि पळण्यात तो पहिल्या पाचात आहे. पण पाठलागाच्या पाळीत त्याला बसावं लागेलच. घेऊ का?

फक्की
पळतीसाठी मी नक्की घेतला असता. बसायच्या पाळीचं मला खात्रीने सांगता येत नाही. शेवटच्या चौकोनात बसवून दोन सराव सामने खेळवा, बाहेर मुलांना ओरडायला लावा, आणि किती वेळा उठतो ते मोजा.

संदीप_कोल्हापूर
खांबाजवळचा चौकोन देऊ नका सर. तिथे वळसा घालताना धांदल असते, तो गोंधळेल. मधला द्या.

फक्की
दादा, मधल्या चौकोनात दोन्ही बाजूंनी हालचाल दिसते. तरी ताई, दोन्ही जागी बसवून बघा आणि काय झालं ते इथे लिहा.